लेबल वाकवलं म्हणजे बाटलीवर गुंडाळलं असं नव्हे

बाटलीच्या मॉकअपमध्ये एकच चूक इतक्या वेळा दिसते की आता सविस्तर लिहायलाच हवं. Photoshop मध्ये नवं लेबल घेतात, Edit > Transform > Warp उघडतात, Arch निवडतात, Bend वर-खाली करून खालची कड बाटलीच्या गोलाईशी जुळवतात आणि काम झालं म्हणतात. कड जुळते, लेबल मात्र बाटलीवर बसत नाही. समोर धरलेल्या वाकड्या पुठ्ठ्यासारखं दिसतं, आणि मग त्यावर सावल्यांचे थर चढवत बसतात. दोष सावलीत नसतोच.

कडेची कमान कशी आणायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. त्यातली एक गोष्ट तेवढी सांगतो. सरळ नळकांडी बाटलीला Arch लावा, Arc नको. Arch मध्ये बाजूच्या कडा उभ्याच राहतात, Arc मध्ये त्या पंख्यासारख्या फाकतात. Arc वरून खाली रुंद किंवा निमुळत्या होत जाणाऱ्या बाटलीसाठी ठीक आहे, सरळ बाटलीवर तो कधीच बरोबर दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. लेबल बाटलीवर चिकटतं तेव्हा दोन बदल होतात. एक, आडव्या रेषा कमानदार होतात. दोन, मजकूर मधून बाजूंकडे जाताना अरुंद होत जातो, कारण पृष्ठभाग आपल्यापासून वळून लांब जातो. पहिला बदल म्हणजे वाकवणं, दुसरा म्हणजे गुंडाळणं. Arch फक्त पहिला करतो. लेबलची रुंदी तो सगळीकडे सारखीच वाटून ठेवतो. डोळा कमानीतली थोडी चूक पोटात घालतो, रुंदीतली लगेच पकडतो.

आकडे घालून पाहू. फोटोत बाटली ६०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे त्रिज्या ३००. लेबल मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत गेलंय. कागद सपाट केला तर त्याची रुंदी साधारण ६२८ पिक्सेल भरेल, पण समोरून दिसते ती फक्त ५२०. मध्यापासूनचं अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले त्या कोनाचा साइन, एवढंच गणित आहे. लेबलच्या चार सारख्या उभ्या पट्ट्या करा, सपाट कागदावर प्रत्येकी १५७ पिक्सेलच्या. बाटलीवर मधल्या दोन पट्ट्या १५० पिक्सेलच्या दिसतील आणि कडेच्या दोन ११० च्या. Arch वाल्या लेबलवर मात्र चारही १३० च्याच राहतात.

म्हणजे नुकसान दोन्हीकडे होतं. अगदी मध्यावर लेबल जवळजवळ मूळ रुंदीचं दिसायला हवं, पण सरसकट दाबल्यामुळे ते सुमारे १७ टक्के बारीक होतं. मधला गोल लोगो उभट अंडाकृती होतो आणि तो बाटलीमुळे तसा दिसतोय असं समजून आपण सोडून देतो. उलट ६० अंशांच्या कडेला अक्षरं निम्म्या रुंदीची व्हायला हवीत, ती चांगली ऐसपैस राहतात. बाजूचा मजकूर सहज वाचता येतोय याचा आनंद मानू नका, लेबल चुकल्याची ती पहिली खूण आहे.

दुरुस्ती अवघड नाही. लेबलचा आधी Smart Object करा. रुंदी-उंचीची साखळी तोडा आणि फक्त रुंदी ५२० वर आणा, उंचीला हात लावू नका. मग Warp मध्ये तीन उभ्या विभाजन रेषा टाका: पावावर, मध्यावर आणि पाऊणावर. मधली जागची हलवायची नाही. पावावरची २० पिक्सेल डावीकडे आणि पाऊणावरची २० पिक्सेल उजवीकडे सरकवा. मधल्या पट्ट्या १५० च्या होतात, कडेच्या ११० च्या. कमान यानंतर हाताने, त्याच जाळीचे बिंदू ओढून द्यायची, यादीतला Arch निवडून नाही. नव्या आवृत्त्यांत Warp च्या यादीत Cylinder आहे, तो असेल तर मी तोच आधी घेतो. पण कोणताही मार्ग घ्या, तपासणी हवीच. Smart Object मध्ये लेबलच्या जागी सारख्या उभ्या पट्ट्या आणि एका ओळीत सारखी वर्तुळं टाकून सेव्ह करा. मधलं वर्तुळ गोल दिसलं आणि कडेची क्रमाने चपटी होत गेली की लेबल गुंडाळलं गेलं. सगळी सारखीच चपटी असतील तर फक्त वाकलंय.

बाटलीभोवती पूर्ण फिरणारं लेबल असेल तर समोरून त्याचा जास्तीत जास्त अर्धा भागच दिसतो. अख्खं लेबल पुढच्या बाजूत कोंबलेलं पाहिलं की मला पुढे बघवत नाही. निम्मं कापा आणि मगच बसवा.

कमान किती द्यायची ते बाटलीच सांगते, अंदाजाने ओढू नका. कॅमेरा १० अंश वरून खाली पाहत असेल तर वरच्या उदाहरणात लेबलच्या कडेचा मध्य तिच्या टोकांपेक्षा साधारण २६ पिक्सेल खाली असतो. जुन्या लेबलची कड, बाटलीचा तळ किंवा आतल्या द्रवाची रेषा हे तयार माप आहे. कॅमेरा जवळ असेल तर खालची कड वरचीपेक्षा जास्त वाकते, आणि लेबलची वरची कड कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या रेषेवर आली तर ती सरळच दिसते. दोन्ही कडांना एकच Bend लावणं म्हणूनच चुकतं.

राहिली चकाकी. लेबल Multiply वर टाकून मोकळं होणं ही दुसरी सवय. पांढऱ्या कोऱ्या लेबलसह काढलेला फोटो असेल तर सावल्यांपुरतं Multiply उत्तम चालतं. पण Multiply फक्त गडद करतो. काळ्या छपाईवरून जाणारी चकाकी त्यात मरते आणि तिथे प्रकाश अचानक तुटल्यासारखा दिसतो. म्हणून चकाकी वेगळी घ्या: फोटोची प्रत, रंग काढलेली, Levels ने चकाकी सोडून सगळं काळं केलेलं, लेबलच्या वर Screen वर. तिला Warp लावू नका, चकाकी बाटलीची असते, छपाईची नाही. छपाईच्या रेषा कमानदार झाल्या तरी ती सरळ बाटलीवर उभीच राहते. फोटो उघड्या काचेचा असेल तर लेबलच्या हद्दीत ती Gaussian Blur ने पसरवा आणि फिकी करा, कारण कागद काचेसारखा धारदार चमकत नाही. गडद काचेच्या फोटोवर पांढरं लेबल थेट Multiply केलं तर ते काचेच्या रंगाचं होऊन बसतं. तिथे लेबल Normal वर ठेवा आणि सावलीसाठी फोटोची रंग काढलेली प्रत, मधला भाग Levels ने पांढरा करून, वरून Multiply वर द्या. ब्रशने पांढरा पट्टा रंगवू नका, तो शेजारच्या काचेवरच्या चकाकीच्या रेषेत कधीच येत नाही.