खर्चाधारित आणि मूल्याधारित किंमतनिश्चिती

वस्तू तयार करायला आलेल्या खर्चावर ठरावीक टक्के नफा चढवून विक्रीची किंमत काढली, तर ती खर्चाधारित किंमत, म्हणजेच कॉस्ट-प्लस. त्या वस्तूमुळे ग्राहकाचे किती पैसे वाचतात किंवा किती वाढतात हे पाहून ठरवलेली किंमत ती मूल्याधारित. पहिलीचा हिशेब विक्रेत्याच्या स्वतःच्या वहीत होतो. दुसरीसाठी ग्राहकाच्या वहीत डोकावावे लागते.

पंपातली गळती रोखणारे सील बनवणारा एक कारखाना घेऊ. त्याचा वर्षाचा स्थिर खर्च 40,000 आणि प्रत्येक सीलमागे माल-मजुरी 60. वर्षाला 1,000 सील विकली गेली, तर एक सील 100 ला पडते. त्यावर 25 टक्के चढवले की किंमत 125. हिशेब चोख दिसतो, पण तो विक्री आधीच गृहीत धरतो. मागणी 800 वर आली की तोच स्थिर खर्च कमी नगांवर वाटला जातो, सील 110 ला पडते आणि सूत्र किंमत 137.50 सांगते. म्हणजे गिऱ्हाईक कमी झाले म्हणून भाव वाढवायचा! त्याने उरलेलेही काही निघून जातात, आणि पुढचा हिशेब आणखी चढा येतो.

आता ग्राहकाकडून पाहू. बाजारातले दुसरे सील 110 ला मिळते आणि सहा महिने टिकते. ते बदलताना दर वेळी मजुरी आणि बंद पंपाचे नुकसान मिळून 40 जातात, म्हणजे वर्षाला 300. आपले सील वर्षभर टिकते, त्यामुळे बदलण्याचा खर्च एकदाच. तेव्हा 300 मधून 40 वजा करून उरणारे 260 ही ग्राहकाच्या दृष्टीने कमाल किंमत. एवढी मागितली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही, मग तो नवा माल कशाला आजमावेल? 200 ला दिले तर त्याचे 60 वाचतात.

मात्र हे 260 सगळ्यांना लागू नाही. जो कारखाना दर सहा महिन्यांनी पंप उघडून सील बदलतोच, त्याला जास्तीचे आयुष्य फुकट. त्याच्या लेखी या सीलचे मोल 110 च, म्हणजे त्याला 125 सुद्धा महाग. त्यामुळे मूल्याधारित पद्धतीत खरे कष्ट ग्राहकांचे गट पाडण्यात आणि त्यांच्याकडून खरे आकडे काढण्यात असतात. ते आकडे ग्राहक सहसा आपणहून सांगत नाही, कारण लपवण्यातच त्याचा फायदा असतो.

जिथे काम किती निघेल हेच आधी कळत नाही, अशा संशोधनाच्या किंवा संरक्षणाच्या कंत्राटांत खर्चाधारित पद्धतच सोयीची पडते. पण नफा खर्चाच्या टक्क्यांत असला की खर्च फुगवणाऱ्याची चांदी होते. म्हणून अमेरिकेच्या संघराज्य सरकारी खरेदीत तशा करारांना कायद्याने मनाई आहे. तिथे खर्च भरून देऊन वर आधीच ठरलेली ठोक रक्कम देता येते.