टॅबलेटच्या पडद्यावरून लंबगोल तुकडा: Smart select मागचा इतिहास

अँड्रॉइड टॅबलेटवर पडद्याचा चित्र-तुकडा घ्यायचा म्हटलं की बहुतेकांच्या हाती पूर्ण स्क्रीनशॉट येतो आणि मग तो चौकोनात कापला जातो. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबमध्ये मात्र Smart select नावाची सोय कित्येक वर्षं आहे. तिच्यात थेट लंबगोल किंवा हाताने रेखलेल्या वेड्यावाकड्या आकाराचा तुकडा उचलता येतो. ही सोय कधी पेनच्या मेनूत सापडते, कधी पडद्याच्या कडेला लपलेली असते, आणि काही नव्या टॅबवर त्या नावाने सापडतच नाही. असं का, हे तिचा इतिहास पाहिला की उलगडतं.

आकाराने निवड करण्याची कल्पना टॅबलेटपेक्षा जुनी आहे. 1984 साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशबरोबर आलेल्या मॅकपेंट या बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रोग्रॅममध्ये चौकोनी निवडीच्या शेजारीच लॅसो होता: माउसने वस्तूभोवती रेघ ओढायची आणि आतला भाग उचलायचा. 1990 च्या फोटोशॉपमध्ये लंबगोल निवडही होती. पण ही साधनं चित्राच्या फाइलवर चालायची. पडद्यावर जे दिसतंय ते उचलण्यासाठी नव्हती. तिथवर लॅसो पोचला तो पेनवाल्या संगणकांमुळे. विंडोजचं स्निपिंग टूल पहिल्यांदा आलं ते विंडोज एक्सपी टॅबलेट पीसी एडिशन 2005 साठीच्या जोडपॅकमधून. नंतर ते व्हिस्टामध्ये आलं, आणि मुक्त हाताने तुकडा कापणं हा त्याचा एक प्रकार राहिला. यात नवल नाही. माउसने गोलाकार रेघ ओढणं त्रासाचं असतं, पेनने ते सहज होतं.

अँड्रॉइडवरही हेच झालं. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये स्क्रीनशॉटची अंगभूत सोयच नव्हती. फोन संगणकाला जोडून विकसकांच्या साधनांतून चित्र घ्यावं लागे. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून चित्र घेण्याची सर्वसाधारण सोय 2011 च्या अँड्रॉइड 4.0 मध्ये आली. त्याच वर्षी सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट बाजारात आला. तो अजून अँड्रॉइड 2.3 वर होता, तरी पेनचं बटण दाबून टोक पडद्यावर टेकवून ठेवलं की त्यावर स्क्रीनशॉट निघत असे. 2012 च्या नोट 2 मध्ये Easy clip आलं: बटण दाबून धरायचं, हव्या त्या भागाभोवती रेघ ओढायची, तेवढाच तुकडा हाती. त्याच वर्षी गॅलेक्सी नोट 10.1 या टॅबलेटबरोबर हा पेन मोठ्या पडद्यावर आला.

पेनचं बटण हे काम करू शकतं यामागे वाकॉम या कंपनीचं तंत्र आहे. पडद्याखालची जाळी पेनमधल्या कॉइलला चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा देते आणि त्याचा प्रतिसाद वाचते. बटण दाबलं की त्या प्रतिसादाची वारंवारता बदलते आणि टॅबला बटण दाबलेलं कळतं. म्हणून या कामासाठी पेनला बॅटरी लागत नाही; टॅब एस6 पासून काही पेनमध्ये आलेलं चार्जिंग दुरून हुकूम देण्यासाठी आहे, तुकडा कापण्यासाठी नाही. पेन पडद्यापासून किती वर असताना ओळखला जातो यालाही मर्यादा असते, साधारण एक सेंटिमीटर. बटण दाबूनही मेनू उघडत नसेल तर बहुतेक वेळा पेन पडद्यापासून जास्त वर धरलेला असतो किंवा टोक पडद्याला टेकलेलं असतं. टोक जवळ आणावं, अधांतरी ठेवावं आणि मग बटण दाबावं.

2013 च्या नोट 3 मध्ये पेनची सगळी कामं Air command या एकाच मेनूत जमा झाली. पुढच्या वर्षी नोट 4 मध्ये त्यात दोन वेगवेगळी कामं होती: चौकोनी तुकड्यांसाठी Smart select आणि मुक्त आकारासाठी Image clip. नंतरच्या पिढ्यांत Smart select हे नाव उरलं आणि मुक्त आकार त्याच्या पोटात गेला. 2016 च्या नोट 7 मध्ये पडद्यावरच्या हलत्या भागाचं जीआयएफ घेण्याची भर पडली. 2017 मध्ये गॅलेक्सी टॅब एस3 आला तेव्हा टॅबलेटवरही पेनच्या मेनूत Rectangle, Lasso आणि Oval शेजारी शेजारी होते.

त्याच 2017 मध्ये गॅलेक्सी एस8 सारख्या पेन नसलेल्या फोनवरही Smart select कडेच्या पॅनेलमधून मिळू लागलं. त्या पॅनेलमध्ये चौकोन आणि लंबगोल आहेत, लॅसो नाही. हा निर्णय मला रास्त वाटतो. बोट स्वतःच खालची कड झाकतं, त्यामुळे केसांची किंवा पानांची कड बोटाने अचूक रेखता येत नाही. लंबगोलाची चौकट मात्र आधी ठेवून मग ओढून नेमकी बसवता येते. म्हणून एकाच नावाच्या साधनात पेनवाल्याला एक आकार जास्त दिसतो आणि बोटवाल्याला कमी. टॅब बिघडला आहे असा त्याचा अर्थ नाही.

पॅनेल चालू करायचं तर `Settings > Display > Edge panels > Panels` इथे जाऊन Smart select वर खूण करावी. मग कडेचं बारीक हँडल आत ओढायचं, Smart select येईपर्यंत सरकायचं, Oval निवडायचा, चौकट हलवून आणि कडा ओढून बसवायची आणि Done दाबायचं. पेनने करताना Air command मधून Smart select, वरच्या पट्टीतून Oval किंवा Lasso, आणि मग थेट पडद्यावर ओढायचं. सोडल्यावर तुकडा वेगळा दिसतो. तो जतन करता येतो, पाठवता येतो किंवा त्यावर लिहिता येतं.

लंबगोल काढताना सगळ्यात जास्त फसगत होते ती मापात. ओढताना आपण लंबगोलाची कड ओढत नसतो. त्याला बाहेरून टेकणाऱ्या अदृश्य चौकोनाचा कोपरा ते समोरचा कोपरा असा कर्ण ओढत असतो. त्या चौकोनाचा साधारण 78 टक्के भागच लंबगोलात येतो, उरलेला चारही कोपऱ्यांत कापला जातो. आत एखादा चौकोनी मजकूर पूर्ण बसवायचा असेल तर लंबगोल रुंदीत आणि उंचीत सुमारे 1.4 पट हवा. 500 पिक्सेल रुंद आणि 300 उंच मजकूर हवा असेल तर जवळजवळ 710 बाय 425 चा लंबगोल लागतो. हे लक्षात न घेतल्याने ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर हमखास कापलं जातं.

लॅसोत वेगळी गोष्ट घडते. रेघ जिथे सोडली तिथून सुरुवातीच्या बिंदूपर्यंत टॅब सरळ रेषेने जोडून टाकतो. फेरी अर्धवट राहिली तर आकाराला एका बाजूने सरळ काप पडतो आणि तो लगेच ओळखू येतो. मराठी मजकुराभोवती लॅसो फिरवताना आणखी एक काळजी घ्यावी: आपली नजर शिरोरेघेवर असते, पण वेलांटी, मात्रा आणि रफार तिच्या वर असतात, उकार खाली. वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून रेघ ओढली नाही, तर ‘कुठे’चं ‘कठ’ होऊन हाती येतं.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. गॅलेक्सी टॅब एस6 लाइटचा पडदा 2000 बाय 1200 पिक्सेलचा आहे. त्यावर जुन्या दिवाळी अंकाचं स्कॅन केलेलं पान उघडलं आहे आणि लंबगोल चौकटीतलं एक व्यक्तिचित्र छापण्यासाठी हवं आहे. अख्खं पान पडद्यावर असताना ते चित्र, समजा, 250 बाय 300 पिक्सेलचं दिसतं. तसंच उचललं तर 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून छापताना ते जेमतेम एक इंच उंचीचं येईल, कारण Smart select मूळ पीडीएफ उचलत नाही, फक्त पडद्यावरचे पिक्सेल उचलतो. म्हणून टॅब उभा धरून चित्र आधी दोन बोटांनी मोठं करावं, इतकं की ते 900 बाय 1080 जागा व्यापेल. पुन्हा स्पष्ट व्हायला क्षणभर थांबावं आणि मगच Oval निवडावा. हाच तुकडा आता तीन इंच रुंद आणि साडेतीन इंचांहून थोडा जास्त उंच छापता येतो. मात्र स्कॅनमध्येच तेवढा तपशील नसेल तर मोठं करून फक्त धूसरपणा मोठा होतो. डोळ्यांच्या कडा चौकोनी ठिपक्यांत फुटू लागल्या की तिथून पुढे वाढवण्यात अर्थ नाही.

जतन झालेली फाइल `SmartSelect_` या नावाने सुरू होते, पुढे तारीख आणि वेळ असते, त्यामुळे गॅलरीत शोधणं सोपं जातं. फाइल आकाराने नेहमी चौकोनीच असते. लंबगोलाबाहेरचे कोपरे एकतर पारदर्शक असतात किंवा एका रंगाने भरलेले. जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही, पीएनजीमध्ये येते, म्हणून कोपरे रिकामे हवे असतील तर फाइलचा प्रकार आधी पाहावा. आणखी एक ठिकाण असं आहे जिथे व्यवस्थित पारदर्शक असलेली फाइल बिघडते: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होते आणि कोपरे भरले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते.

काही अ‍ॅपवर तुकडा निघतच नाही. बँकेची अ‍ॅप्स आणि ब्राउझरच्या खासगी खिडक्या आपल्या पडद्याला `FLAG_SECURE` ही खूण लावतात, आणि अँड्रॉइड मग कोणत्याही साधनाला ते चित्र देत नाही. लंबगोल असो की चौकोन, इथे आकाराचा संबंध नाही.

2025 मध्ये सॅमसंगच्या अँड्रॉइडची वन यूआय 7 ही आवृत्ती आली आणि गॅलेक्सी एआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी असलेल्या उपकरणांवर Smart select ची जागा AI select ने घेतली. आधी आकार निवडायचा आणि मग ओढायचं, हा क्रम तिथे उलटला: हवा तो भाग रेखला की काय करता येईल ते पर्याय समोर येतात. घाईत ते सोयीचं आहे, पण नेमक्या मापाचा नितळ लंबगोल हवा असणाऱ्याचं त्यात नुकसान झालं आहे, कारण हाताने रेखलेली रेघ कधीच तितकी सफाईदार नसते. अशा टॅबवर चित्र मोठं करून पूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा, लंबगोल निवड असलेल्या एखाद्या चित्र-संपादकात तो कापावा आणि पीएनजी म्हणून जतन करावा. दोन पायऱ्या वाढतात, पण कड स्वच्छ येते आणि कोपरे रिकामे राहतात.