रेफरल चिठ्ठीची भाषा: १९१२च्या दाखल्यापासून आजपर्यंत

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याच्या चिठ्ठीत आजही ‘पेशंट वेडसर, हिंसक, कुणाचं ऐकत नाही’ असं लिहिलेलं दिसतं. ही भाषा जुन्या कायद्यातून मुरत आली आहे. १९१२च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टमध्ये डॉक्टरच्या दाखल्याचं काम एकच होतं: समोरचा माणूस ‘ल्यूनॅटिक’ आहे आणि त्याला डांबून ठेवणं योग्य आहे, हे मॅजिस्ट्रेटला सांगणं. निष्कर्ष आधीच छापलेला असायचा.

पण त्याच कायद्यात एक शहाणी अट होती, आणि ती विसरली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. डॉक्टरने स्वतः काय पाहिलं आणि इतरांनी काय सांगितलं, हे वेगवेगळं लिहायचं. केवळ ऐकीव माहितीवर आदेश निघू शकत नव्हता.

१९८७च्या कायद्याने ‘ल्यूनॅटिक’ हा शब्द काढला. तो कायदा लागू व्हायला १९९३ उजाडलं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८पासून लागू आहे, आणखी पुढे गेला. ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ या शब्दांत माणूस आजारापासून वेगळा राहतो. शिवाय पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असं ठरवता येत नाही. त्यामुळे ‘जुना मनोरुग्ण’ हे लिहिणं नुसतं असभ्य नाही, त्यातून काही सिद्धही होत नाही.

आता वरचीच चिठ्ठी, एका काल्पनिक उदाहरणावर, पुन्हा लिहू:

‘वय ३४. तीन आठवड्यांपासून रात्री दोन-तीन तासच झोप होते, असं त्या सांगतात. शेजारी आपल्याबद्दल बोलतात असं त्यांना वाटतं. तपासताना त्या सारख्या दाराकडे पाहत होत्या, मात्र प्रश्नांची उत्तरं सुसंगत दिली. भावाच्या सांगण्यानुसार, मंगळवारी त्यांनी त्याच्यावर ताट फेकलं. कुणाला इजा नाही. आत्महत्येचे विचार येतात का, असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणाल्या. थायरॉइडची तपासणी झालेली नाही. येण्यास त्या तयार आहेत. मूल्यमापन व्हावं, ही विनंती.’

‘हिंसक’ हा शब्द गेला आणि ताट आलं, त्यामुळे तज्ज्ञाला धोक्याचा खरा अंदाज येतो. ‘आत्महत्येचे विचार नाकारतात’ असंही लिहिलं नाही, कारण ‘नाकारतात’मध्ये त्या लपवत असल्याचा संशय डोकावतो. मात्र सभ्यतेच्या नावाखाली ताटाची घटनाच गाळून ‘थोडा ताण आहे’ असं लिहिलं, तर तातडीचा माणूस रांगेत मागे पडतो. आणि निदान ठाऊक नसताना ‘स्किझोफ्रेनिया’ लिहून पाठवू नये. तो शब्द पुढच्या प्रत्येक केसपेपरवर उतरत जातो.

लिहून झालं की चिठ्ठी त्या बाईंना वाचून दाखवावी. आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क २०१७च्या कायद्याने त्यांना दिलेलाच आहे.