बॅटरी झिजली आहे की लॅपटॉपच जास्त खातोय?

‘बॅकअप देत नाही’ या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे बिघाड असतात. पहिल्यात बॅटरी खरोखर झिजलेली असते, म्हणजे पूर्ण चार्ज करूनही तिच्यात पूर्वीइतकी वीज मावत नाही. दुसऱ्यात बॅटरी धडधाकट असते, पण लॅपटॉपच भसाभस वीज ओढत असतो. टाकी लहान झाली काय किंवा नळ मोठा सुटला काय, पाणी लवकरच संपणार. वापरणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवत नाही आणि दुकानदाराच्या दृष्टीने दोन्हींवर नवी बॅटरी विकणं सगळ्यात सोपं. दुसऱ्या बिघाडात मात्र त्या खर्चाने काहीच साधत नाही.

फरक ओळखायची सोय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

यातून `battery-report.html` नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात दोन आकडे दिसतात. `DESIGN CAPACITY` म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावणं अपेक्षित होतं ते, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज किती मावते ते. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की बॅटरीची तब्येत टक्क्यांत कळते. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारे टक्के वेगळे. झिजलेली बॅटरीसुद्धा तिथे रुबाबात १०० दाखवते, कारण ते टक्के आज जेवढं मावतं त्याचे असतात.

बहुतेक लोक इथेच थांबतात. माझ्या मते रिपोर्टमधला खरा कामाचा भाग अगदी तळाशी आहे, `Battery life estimates` या नावाखाली. तिथे शेजारी शेजारी दोन कालावधी दिलेले असतात. `AT FULL CHARGE` खाली आत्ताच्या बॅटरीवर लॅपटॉप किती चालतो ते, आणि `AT DESIGN CAPACITY` खाली तुमचा वापर असाच ठेवून बॅटरी कोरी असती तर किती चालला असता ते. नवी बॅटरी टाकून किती फरक पडेल, याचं उत्तर पैसे भरण्याआधीच तिथे लिहिलेलं असतं.

हिशोबासाठी दोन लॅपटॉप घेऊ. पहिल्याची मूळ क्षमता ४१,००० मिलीवॉट-तास आणि आजची २२,१४०, म्हणजे ५४ टक्के. तळाच्या ओळीत २ तास ४२ मिनिटं आणि ५ तास असे आकडे आहेत. २२.१४ वॉट-तास २.७ तासांत संपतात, म्हणजे हा लॅपटॉप सरासरी ८.२ वॉट ओढतो. लिहिणं-वाचणं आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर ही ओढ ठीक आहे. लॅपटॉपचा दोष नाही, बॅटरी झिजली आहे. बदलली तर सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ पदरात पडेल.

दुसऱ्याची मूळ क्षमता ४५,००० आणि आजची ३९,६००, म्हणजे ८८ टक्के. तरी तो २ तास १२ मिनिटांत मान टाकतो आणि कोऱ्या बॅटरीवरही फक्त अडीच तास चालला असता. हा १८ वॉट ओढतोय. नव्या बॅटरीचे पैसे मोजून मिळणार काय, तर १८ मिनिटं! इथे टास्क मॅनेजर उघडून बघावं. काहीही चालू नसताना प्रोसेसर ३०-४० टक्क्यांवर नाचत असेल तर पाठीमागे कोण राबतंय ते शोधायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड विनाकारण जागं राहणं, ब्राइटनेस कायम पूर्ण असणं, ही नेहमीची कारणं. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप बाहेर काढताना गरम लागत असेल, तर तो नीट झोपतच नाही. ते `powercfg /sleepstudy` या कमांडने कळतं, फक्त त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ने उघडावा लागतो.

दोन ठिकाणी मात्र या आकड्यांवर विसंबून चालत नाही. एक, तब्येत ७० टक्के दाखवते, पण ३५ टक्के चार्ज शिल्लक असताना लॅपटॉप खटकन बंद पडतो. जुन्या बॅटरीची नुसती क्षमता घटत नाही, तिचा आतला रोधही वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि मशीन बंद. कधीकधी बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपचा अंदाज चुकलेला असतो, तेव्हाही असंच दिसतं. म्हणून आधी एकदा पूर्ण चार्ज करून, हलक्या कामावर पार उतरवून, पुन्हा न थांबता पूर्ण चार्ज करावं. त्यानंतरही जड काम सुरू करताच बंद पडत असेल, तर ७० टक्क्यांना अर्थ नाही, बॅटरी गेली.

दुसरं ठिकाण म्हणजे फुगलेली बॅटरी. टचपॅड वर उचलला जाणं किंवा त्याचं क्लिक घट्ट होणं, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगणं, झाकण नीट न मिटणं ही तिची लक्षणं. तब्येत ९० टक्के असली तरी चार्जिंग थांबवायचं, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही आणि बॅटरी काढूनच टाकायची. इथे हिशोब करत बसू नये.

हे दोन अपवाद सोडले तर आकडा तुमच्या गरजेशी ताडून बघावा. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरलाच असेल, तर ५४ टक्क्यांवरही घाई नाही. लोकलमध्ये किंवा कॉलेजात तोच चालवायचा असेल, तर निम्मी क्षमता म्हणजे रोजची कटकट.

आता दुकानाचं काम. बॅटरी काढायच्या आधी चार्जर तपासला पाहिजे. ६५ वॉटच्या मशीनला ४५ वॉटचा किंवा लोकल चार्जर लावला असेल, तर जड काम करता करता बॅटरी हळू भरते किंवा भरतच नाही. चार्जिंगची पिन हलते का, हेही बघावं. मग चार्ज मर्यादा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी जपण्याची सेटिंग चालू असली की चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतं. ‘पूर्ण चार्जच होत नाही’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये अनेकदा एवढंच असतं. त्यानंतर मागचं कव्हर उघडून बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॉट-तास वाचावेत आणि नवी त्याच्याशी जुळवून मागवावी. नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवली तर चुकू शकते, कारण एकाच मॉडेलमध्ये तीन सेलची आणि चार सेलचीही बॅटरी येते.

बसवून झाल्यावर तुमच्यासमोर रिपोर्ट पुन्हा काढायला सांगा. आजची क्षमता मूळ क्षमतेच्या आसपास हवी आणि `CYCLE COUNT`, म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा भरून उतरली तो आकडा, शून्याजवळ. काही मशीन तिथे नुसती रेघ दाखवतात, त्यात गैर काही नाही. पण हे आकडे बॅटरीतली चिप सांगते आणि नकली मालात तीही खोटं बोलू शकते. तेव्हा चार्जर काढून नेहमीच्या कामावर अर्धा तास चालवून बघा. वरचा पहिला लॅपटॉप ८.२ वॉट ओढतो, म्हणजे अर्ध्या तासात त्याला ४.१ वॉट-तास लागतील, ४१ मधले बरोबर १० टक्के. थोडंफार इकडेतिकडे चालेल. २५ टक्के उतरले, तर ती बॅटरी तिथेच परत करा.