सेन्सरचे गुण आणि तो निवडण्याचं कारण: प्रोजेक्टच्या मुलाखतीत गल्लत होते ती इथे

फायनल इयरच्या प्रोजेक्टवर मुलाखतीत "हेच का घेतलं?" असा प्रश्न आला, की बहुतेक विद्यार्थी त्या वस्तूचे गुण सांगू लागतात. स्वस्त आहे, अचूक आहे, वापरायला सोपं आहे. यात खोटं काही नसतं, पण प्रश्नाचं उत्तरही नसतं. गुण वस्तूचे असतात आणि कारण तुमच्या अडचणीतून येतं. ऐकायला दोन्ही सारखी वाटतात, म्हणून गल्लत होते. ओळखायची कसोटी सोपी आहे: तुमचं वाक्य उचलून दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टला चिकटवलं आणि तरी ते तसंच खरं राहिलं, तर तुम्ही गुण सांगितलेत.

एक नेहमीचा प्रोजेक्ट घेऊ. पाण्याच्या टाकीची पातळी मोजायची. टाकी सव्वा मीटर खोल, झाकणाला HC-SR04 हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली आर्डुइनो ऊनो आणि आकडा मोबाइलवर. तिघांची टीम. समोरचा विचारतो, "अल्ट्रासॉनिकच का?"

गुणांचं उत्तर असं येतं: "सर, त्याची रेंज 2 ते 400 सेंटीमीटर आहे आणि तो पाण्याला न लागता मोजतो." डेटाशीटमधलं आहे, बरोबर आहे. पुढचा प्रश्न मात्र ठरलेला: "मग तळाशी प्रेशर सेन्सर का नाही बसवला?" इथे गाडी अडते, कारण पाठ केलेल्या गुणांमध्ये दुसऱ्या पर्यायाचा विचारच नसतो.

कारणाचं उत्तर वेगळ्या जागी सुरू होतं: "आम्हाला पातळी सतत हवी होती. फ्लोट स्विच एका ठरावीक उंचीलाच चालू-बंद होतो, म्हणून तो बाद झाला. प्रेशर सेन्सर चालला असता. त्याला लाटांचा आणि टाकीतल्या पाइपचा त्रास कमी. पण तो पाण्यात बुडवायचा तर सीलिंग नीट हवं, आणि ते आम्हाला खात्रीने जमणार नव्हतं. म्हणून वरून मोजायचं ठरवलं. त्याची किंमत मोजावी लागली: झाकणाखाली वाफ साचते, आणि हवा तापली की आकडा सरकतो."

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. निवडीत काय गमावलं हे ज्याला सांगता येतं, त्याने खरंच निवड केली होती हे मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतं. आणि तो तिथेच खणतो: "किती सरकतो?" आवाजाचा वेग 20 अंशांना सेकंदाला साधारण 343 मीटर, 40 अंशांना साधारण 355. कोडमध्ये 343 पक्का धरला असेल, तर गरम हवेत पडसाद लवकर परततो आणि खरं 100 सेंटीमीटरचं अंतर साधारण 96.5 दिसतं. म्हणजे पाणी साडेतीन सेंटीमीटर वर आहे असं वाटतं. टाकी भरली की पंप बंद करायला एवढी चूक चालेल. रोज किती पाणी वापरलं ते मोजायचं असेल तर चालणार नाही. हे असं मोजून बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कागदावरची दोन मिनिटं पुरतात.

काही निवडींमागे तसं कारण नसतंच. लॅबमध्ये तोच सेन्सर पडून होता म्हणून घेतला. मग तसंच सांगावं आणि पुढे जोडावं: "नंतर तपासलं, आमच्या कामाला तो पुरला, अमुक ठिकाणी कमी पडला." मागाहून रचलेलं भव्य कारण दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

आता "यात तुझं काय?" हा प्रश्न. इथेही तीच गल्लत होते: प्रोजेक्टमध्ये जे आहे ते आणि मी जे केलं ते, दोन्ही एका वाक्यात येतात. "आम्ही मीडियन फिल्टर वापरला आहे." पाण्याच्या लाटांमुळे अधूनमधून भलतंच रीडिंग येतं, त्यावर हा उपाय. समजा रीडिंग आली 80, 81, 80, 82 आणि मध्येच 35. सरासरी 71.6 येते, म्हणजे पाणी एकदम आठ सेंटीमीटर चढल्यासारखं दिसतं. मीडियन 80 देतो. छान. पण कोडमध्ये असतं ते इतकंच:

```
unsigned int t = sonar.ping_median(5);
```

फिल्टर NewPing या लायब्ररीने लिहिलेला आहे. समोरच्याने कधी ती वापरली असेल तर त्याला हे माहीत असतं, आणि "फिल्टर मी लिहिला" म्हटलं की पुढचं सगळंच संशयाच्या छायेत जातं. खरं उत्तर कमीपणाचं मुळीच नाही: "फिल्टर लायब्ररीचा. 5 हा आकडा तिचा डीफॉल्टच आहे. मी 3 घेऊन पाहिला. तीनपैकी दोन रीडिंग भलती आली की मीडियनही फसतो. पाचात दोन भलती असली तरी मधलं रीडिंग बरोबरचंच येतं, म्हणून 5 ठेवला." लायब्ररी दुसऱ्याची, पण आकडा ठेवण्याचा निर्णय पूर्णपणे तुमचा.

त्याहून पुढचं एक उदाहरण देतो, कारण माझ्या मते अशाच ठिकाणी माणसाचं स्वतःचं काम दिसतं. या सेन्सरच्या आवाजाचा झोत साधारण 15 अंशांचा असतो. म्हणजे एक मीटर खाली तो मध्यापासून चहूकडे साधारण 13 सेंटीमीटर पसरतो. पाणी भरायचा पाइप त्या झोतात आला, तर पाण्याऐवजी पाइपचाच पडसाद आधी येतो. खूण अशी: पाणी उतरत जातं आणि आकडा एका जागी चिकटून राहतो. इथे मीडियन काहीच करू शकत नाही, कारण पाचही रीडिंग एकसारखी चुकीची असतात. सेन्सरच झाकणावर दुसरीकडे सरकवावा लागतो. ज्याने पट्टी घेऊन टाकीत उंची मोजली आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून पाहिली, त्यालाच हे सापडतं. त्याने सर्किट जोडलेलं नसेल, ॲप लिहिलेलं नसेल, तरी "सेन्सरची जागा मी ठरवली, ती अशी" हे त्याचं ठोस काम आहे. मुलाखतीत त्याने तेच आधी सांगावं.

सहकाऱ्याच्या भागाबद्दल विचारलं, तर जोडावरचं तरी माहीत हवं. ॲप दुसऱ्याने केलं असेल तर म्हणावं, "ॲपच्या आतलं मी लिहिलेलं नाही. माझ्याकडून दर सेकंदाला सेंटीमीटरमधला एक आकडा सिरियलवर जातो. पडसाद आलाच नाही तर लायब्ररी 0 देते, तो आकडा मी पुढे पाठवत नाही. नाहीतर ॲपला पाणी सेन्सरला टेकल्यासारखं वाटेल." या उत्तरानंतर ॲपवर प्रश्न आला तरी फारसं बिघडत नाही, कारण तुमची हद्द कुठे संपते ते तुम्हीच आधी दाखवलेलं असतं.