मराठी लेखात मध्येच ‘उनचास’ का ऐकू येते?

फोनला मराठी लेख वाचायला लावला आणि ‘४९ गावे’ हे शब्द ‘उनचास गावे’ असे ऐकू आले, तर वाचणारा आवाज हिंदीचा आहे. देवनागरी अक्षरे त्याला ओळखता येतात, म्हणून वाचन अडत नाही. पण आकडा कसा म्हणायचा, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च वेगळे कसे उच्चारायचे, हे अक्षरांवरून कळत नाही. ते त्या भाषेच्या व्हॉइस डेटात असते, आणि तोच फोनवर उतरलेला नसतो.

अँड्रॉइडवर अ‍ॅप वाचनाआधी मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्पीच इंजिनला भाषा सांगते आणि उत्तरादाखल एक खूण मिळवते. `LANG_NOT_SUPPORTED` म्हणजे या इंजिनला मराठी येतच नाही. इंजिनच बदलावे लागेल. `LANG_MISSING_DATA` म्हणजे मराठी येते, फक्त डेटा नाही. तो डाउनलोड केला की काम झाले. कित्येक अ‍ॅप दोन्ही वेळा ‘भाषा उपलब्ध नाही’ एवढेच सांगतात. हे मला फार चुकीचे वाटते, कारण दुसऱ्या वेळी इलाज अगदी हाताशी असतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून अ‍ॅपला भाषेऐवजी नेमका आवाज निवडता येतो. प्रत्येक आवाजासोबत त्याचा दर्जा आणि त्याला इंटरनेट लागते का, हे नोंदलेले असते. पण यादीत दिसणारा आवाज फोनवर असेलच असे नाही. त्याच्या गुणांत `notInstalled` असेल, तर डाउनलोड पूर्ण होईपर्यंत इंजिन एकतर चूक झाल्याचे कळवते किंवा परस्पर दुसऱ्याच आवाजात वाचते. ‘उनचास’ येते ते बहुधा इथून. म्हणून अ‍ॅप लिहिणाऱ्याने नुसते आवाजाचे नाव पाहू नये, ही खूणही तपासावी.

ऐकणाऱ्यासाठी तपासणी सोपी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ‘४९ बैलांना चारा’ हे वाचायला लावा. ‘एकोणपन्नास’ नीट ऐकू आले, तर डेटा फोनवरच आहे. आवाज बदलला किंवा बंद पडला, तर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा, इंजिनच्या नावाशेजारचे गिअरचे चिन्ह दाबा आणि मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून घ्या.

इंटरनेटवरचा आवाज सहसा जास्त सुरेल असतो, पण त्यासाठी मजकूर सर्व्हरवर जाऊन यावा लागतो. एसटीने घाट चढताना रेंज गेली की वाचन वाक्याच्या मध्येच अडते. लांब लेख किंवा पुस्तक ऐकायचे असेल, तर फोनवरचा आवाजच निवडावा. फोनमध्ये जागा फारच कमी असेल, तर ईस्पीक एनजी हे मोफत इंजिन मराठी वाचते. ते माणसाच्या आवाजाचे मोठे साठे न वापरता सूत्रांनी ध्वनी घडवते. त्यामुळे आवाज यांत्रिक येतो, पण डेटा अगदी थोडा लागतो आणि इंटरनेट लागत नाही.