महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दुपारी 2 पर्यंत बंद का असतो?

सोमवारी तर सलून बंदच, मग मंगळवारी परत कसली सुट्टी असं बरेच जण विचारतात. सुट्टी नाही हो, त्या सकाळी आमच्या सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग असतं, आणि त्याचा तुमच्या केसांशी थेट संबंध आहे म्हणून सांगतोय.

मागे एक ताई ग्लोबल कलरला, म्हणजे सगळ्या केसांना कलर करायला आल्या, आमच्या मुलीने विचारलं आधी कलर केलाय का, त्या नाही म्हणाल्या, आणि खोटं नव्हतं ते, कारण दर महिन्याला पाकिटातली काळी मेंदी लावायच्या आणि मेंदीला कोण कलर म्हणतं? अशा काही मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात, त्यावर कलरमध्ये मिसळायचा डेव्हलपर पडला की केस गरम होतात, तुटतातही. नशीब, बट धरून बघितली तर लालसर काळी झाक दिसली म्हणून थांबलो. वाटीत थोडा डेव्हलपर घेऊन त्यांचे चार केस टाकून ठेवले तर बुडबुडे यायला लागले. त्या दिवशी फक्त कट करून पाठवलं.

पुढच्या मंगळवारी तो प्रश्नच बदलला. आता आम्ही विचारतो, "गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं?" दोन वर्षं का, तर केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसाच्या टोकाला दोन वर्षांपूर्वीची मेंदी अजून असू शकते. ट्रेनिंगमध्ये एक जण गिऱ्हाईक होतो, मुद्दाम अर्धवट उत्तरं देतो, आणि दुसऱ्याने ती खोदून काढायची. हसू फार येतं त्यात पण कामाला येतं.

मग कंगवे. जंतुनाशकात नुसते बुडवून चालत नाही, केस आणि तेल अडकलेलं असेल तर औषध आतपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे आधी केस काढून साबणाने धुवायचे, मग बाटलीवर लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून पूर्ण बुडवून ठेवायचे. शनिवारच्या गर्दीत नेमकं इथेच घाई होते, म्हणून प्रत्येक खुर्चीला कंगव्यांचे तीन सेट दिलेत.

शेवटी वजनकाटा. एकच शेड तिघांना अंदाजाने कालवायला लावली तर तीन वाट्यांत तीन वेगळी मिश्रणं निघाली! आता 40 ग्रॅम कलरला कंपनीने सांगितलं तेवढाच डेव्हलपर मोजून, आणि शेड, माप, किती मिनिटं ठेवलं ते तुमच्या कार्डावर लिहितो, म्हणजे नेहमीची मुलगी रजेवर असली तरी अडत नाही.

तुमच्याकडून एवढंच हवंय, कलरच्या 48 तास आधी कानामागे पॅच टेस्टला पाच मिनिटं येऊन जा, मागच्या वेळी काही झालं नसलं तरी, कारण ॲलर्जी नंतरही सुरू होऊ शकते. आणि घरी लावलेल्या मेंदीचं पाकीट असेल तर घेऊनच या.